चटकन बसतो अल्फा, टिकून राहतो बीटा

कपाटातली डांबरगोळी तुम्ही पाहिलीच असेल. पांढरी, गुळगुळीत, आणि दार उघडलं की नाकात शिरणारा तो वास! आईच्या रेशमी साड्यांमध्ये ठेवलेली ही गोळी दिवसेंदिवस बारीक होत जाते आणि एक दिवस नाहीशीच होते. यातल्या बऱ्याच गोळ्या नॅप्थलीन नावाच्या पदार्थाच्या असतात. दगडी कोळशापासून कोक बनवताना जे काळंकुट्ट डांबर निघतं, त्यातून तो मिळतो. आज मला या नॅप्थलीनची एक करामत सांगायची आहे. ती इतकी छान आहे, की माझ्या भाचीला सांगताना मी जेवायचं विसरलो होतो.

करामत अशी. नॅप्थलीन घ्यायचं, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि तापवायचं. 80 अंश सेल्सिअसला तापवलं तर एक पदार्थ मिळतो. तेच नॅप्थलीन आणि तेच आम्ल 160 अंशांना तापवलं तर दुसराच पदार्थ मिळतो. नवीन काहीही घातलेलं नाही. बदललं ते फक्त तापमान.

(हा प्रयोग घरी करायचा नाही हं. तीव्र सल्फ्युरिक आम्ल कातडी जाळतं आणि नॅप्थलीनची वाफ नाकातोंडात जाऊ देणं चांगलं नाही. आपण कागदावर करू. कागदावरही मजा येते.)

पेन्सिल घ्या आणि एक षटकोन काढा. त्याला खेटून दुसरा षटकोन काढा, असा की दोघांची एक बाजू सामाईक असेल. झालं, नॅप्थलीनचा रेणू तयार! कोपरे मोजा: दहा. प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणू आहे. दोन षटकोन जिथे जुळतात तिथले दोन कोपरे सोडून द्या. उरलेल्या आठ कोपऱ्यांवर हायड्रोजनचा एकेक अणू बाहेरच्या बाजूला चिकटलेला आहे. म्हणून याचं सूत्र C₁₀H₈.

आता नीट बघा. या आठ कोपऱ्यांपैकी चार कोपरे त्या जोडाला लागून आहेत. बाकीचे चार जोडापासून लांब, टोकाकडे आहेत. जोडालगतच्या कोपऱ्यांना अल्फा म्हणतात आणि लांबच्यांना बीटा. सल्फ्युरिक आम्ल काय करतं, तर एका कोपऱ्यावरचा हायड्रोजन काढून टाकतं आणि तिथे गंधक आणि ऑक्सिजनचा एक जाडजूड गट बसवतं. त्याचं नाव सल्फोनिक गट. तो अल्फा कोपऱ्यावर बसला तर एक पदार्थ, बीटा कोपऱ्यावर बसला तर दुसरा. दोन्हींत अणू तेवढेच आणि तेच, पण गुणधर्म वेगळे.

आता आकडे. 80 अंशांना काही तास ठेवलं तर तयार झालेल्या शंभर रेणूंपैकी सुमारे 96 अल्फा निघतात. 125 अंशांच्या आसपास साधारण निम्मे अल्फा, निम्मे बीटा. आणि 160 अंशांना अल्फा उरतात फक्त 18 च्या आसपास. बाकी सगळे बीटा.

भाचीनं हे ऐकलं आणि लगेच निकाल दिला, "सोपं आहे मामा. अल्फाला थंडी आवडते आणि बीटाला गरमी."

हे उत्तर चटकन पटतं, पण ते चुकीचं आहे. आणि ते का चुकीचं आहे हे कळलं, की या करामतीचं अख्खं गुपित आपल्या हातात येतं.

आम्ही राहतो पवईला. भाची सुट्टीत येते ती लोकलनं, कांजूरमार्गला उतरून. त्यामुळे मी तिला लोकलच्याच डब्यात नेलं, मनातल्या मनात. समजा, डब्यातल्या प्रत्येक बाकावर मधल्या दोन जागांवर माणसं बसली आहेत. खिडकीची जागा रिकामी आहे आणि अगदी कडेची चौथी सीटही रिकामी आहे.

"मामा, खिडकी कधी रिकामी असते का!"

मनातल्या डब्यात असते. आता तुम्ही आत शिरलात. चौथी सीट लगेच मिळते, टेकलं की झालं. अर्धं अंग बाहेर लोंबकळतं, बसणं सुखाचं नाही, पण मिळते चटकन. खिडकीची जागा आरामाची, वारा येतो, पाय पसरता येतात. पण तिथे पोचायला दोघांचे गुडघे ओलांडायचे, पायाशी ठेवलेल्या पिशव्या चुकवायच्या. म्हणजे सुरुवातीला कष्ट जास्त.

डब्यात सगळे पेंगुळलेले असतील, तर जो जिथे टेकला तो तिथेच राहील. पाच मिनिटांनी मोजलं तर चौथ्या सीटा भरलेल्या आणि खिडक्या बऱ्याचशा रिकाम्या. आता दुसरा डबा घ्या. यातले लोक भारी चुळबुळे. सारखे उठतात, पुन्हा बसतात. चौथ्या सीटवरून उठणं सोपं, कारण माणूस अर्धा उठलेलाच असतो. खिडकीतून उठायचं तर पुन्हा ते गुडघे, त्या पिशव्या. म्हणून चौथ्या सीटवरचे वारंवार उठतात, त्यातला एखादा खिडकीत जाऊन पोचतो, आणि एकदा पोचला की सहसा उठत नाही. खूप वेळ गेला की खिडक्या भरतात आणि चौथ्या सीटा रिकाम्या होतात.

अल्फा म्हणजे चौथी सीट. बीटा म्हणजे खिडकी. आणि तापमान म्हणजे चुळबूळ. रेणू जितके गरम, तितकी त्यांची धडपड जास्त.

80 अंशांना सल्फोनिक गट अल्फा कोपऱ्यावर भराभर बसतात, पण बसलेला गट पुन्हा सुटावा इतकी ऊर्जा फारशा रेणूंकडे नसते. त्यामुळे जो पदार्थ लवकर तयार होतो तोच शेवटी हाती लागतो. रसायनशास्त्रज्ञ म्हणतात, इथे अभिक्रियेवर वेगाचं नियंत्रण आहे. 160 अंशांना मात्र बसलेले गट सुटतात, नॅप्थलीन मोकळं होतं, आणि पुन्हा कुठेतरी गट बसतो. अशी पुन्हा पुन्हा ये-जा झाली की शेवटी जो पदार्थ जास्त स्थिर, त्याचाच भरणा जास्त होतो. हे स्थिरतेचं नियंत्रण. कॉलेजच्या पुस्तकात याला ऊष्मागतिकी नियंत्रण असं भारदस्त नाव आहे.

तर गरमी बीटाला निवडते असं नाही. गरमी फक्त परतीचा रस्ता उघडते. 160 अंशांनाही पहिल्या फेरीत अल्फाच जास्त वेगानं तयार होतो! फरक एवढाच, की तिथे त्याला टिकून राहता येत नाही.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल, आणि आला नसेल तर यायला हवा, की अल्फा लवकर का बनतो? आणि लवकर बनतो तर मग अस्थिर का? दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि दोन्ही आपल्या कागदावरच्या चित्रात दिसतात.

आधी वेगाचं बघू. गंधकाचा गट कोपऱ्याला चिकटतो तेव्हा जुना हायड्रोजन लगेच जात नाही. क्षणभर दोघेही त्याच कोपऱ्यावर असतात. या क्षणी रेणू अडचणीत असतो: त्याच्यावर धन विद्युतभार येतो आणि तो एकाच अणूवर साचला तर रेणूला फार महाग पडतो. तो भार जितक्या अणूंवर वाटला जाईल तितकं बरं. गट अल्फावर चिकटला, तर शेजारच्या षटकोनाची घडी न मोडता हा भार दोन वेगवेगळ्या अणूंवर वाटता येतो. बीटावर चिकटला, तर ती घडी सांभाळून भार ठेवायला एकच अणू मिळतो. म्हणून अल्फाच्या वाटेवर सुरुवातीला कमी ऊर्जा लागते, आणि जिथे कमी ऊर्जा लागते तिथे काम लवकर होतं.

आता स्थिरता. हायड्रोजन निघून गेला, विद्युतभार संपला, गट नीट बसला. आता चित्रात अल्फा कोपऱ्यावर एक मोठा गोळा काढा. जोडाच्या पलीकडे, शेजारच्या षटकोनाचा अल्फा कोपरा बघा. तिथला हायड्रोजन नेमका याच गोळ्याच्या बाजूला, त्याला समांतर उभा आहे. दोघांमध्ये जागा फार कमी. सल्फोनिक गट जाडजूड, त्यात गंधकाला तीन ऑक्सिजन लागलेले, त्यामुळे तिथे दाटी होते आणि रेणूवर ताण येतो. आता तोच गोळा बीटा कोपऱ्यावर काढून बघा. दोन्ही बाजूंचे हायड्रोजन त्याच्यापासून तिरपे लांब जातात. मोकळी जागा! म्हणून बीटा स्थिर.

किती सुंदर आहे हे! अल्फाला फायदा वाटेत, बीटाला फायदा मुक्कामाला. वाटेतली सोय आणि मुक्कामाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकाच बाजूला असतील असा काही नियम नाही. कितीतरी अभिक्रियांमध्ये लवकर होणारा पदार्थच जास्त स्थिरही असतो. तिथे तापमान बदलून असला खेळ करता येत नाही. नॅप्थलीनमध्ये दोन्ही उलट्या बाजूंना आहेत म्हणून हा खेळ जमतो.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, 160 अंशांवर बीटा बनवला आणि मग भांडं परत 80 अंशांवर आणलं तर? परत अल्फा होईल?"

हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला! कारण "अल्फाला थंडी आवडते" हे उत्तर बरोबर असतं, तर थंड केल्यावर बीटाचा अल्फा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तसं होत नाही. बीटा तसाच राहतो. चुळबूळ थांबली, आता कोण उठणार? उलट, 80 अंशांवर बनवलेलं अल्फाचं मिश्रण आम्लासकट 160 अंशांवर नेलं तर मात्र काही तासांत त्याचा बहुतेक बीटा होतो. थंडीतून गरमीत नेलं तर बदल होतो, गरमीतून थंडीत आणलं तर होत नाही. दोन पदार्थांपैकी कुठला घाईनं तयार झालेला आणि कुठला खरा टिकाऊ, हे ओळखायची ही अगदी भरवशाची रीत आहे.

यात वेळही दडलेला आहे. 80 अंशांनाही टिकाऊ पदार्थ बीटाच असतो. तिथल्या मिश्रणाला अमाप काळ तसंच ठेवता आलं असतं, तर अल्फाचा हळूहळू बीटा झालाच असता. पण तेवढी वाट कोणी बघत नाही. म्हणून "कमी तापमानाला अल्फा मिळतो" हे वाक्य अर्धवट आहे. कमी तापमानाला ठेवून, वेळेवर थांबलं तर अल्फा मिळतो.

हे सगळं कळायला माणसांना बरीच वर्षं लागली. मायकल फॅरडे तुम्हाला माहीत आहे, विजेचा आणि चुंबकाचा. पण तो रसायनशास्त्रातही पट्टीचा होता. 1826 साली त्यानं नॅप्थलीन आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र तापवून काय होतं यावर एक निबंध प्रसिद्ध केला. जे नवीन आम्ल तयार झालं त्याचा त्यानं बेरियमबरोबर क्षार बनवला, आणि त्याला दिसलं की क्षार एक नाही, दोन आहेत. एक जाळला तर ज्योतीनं पेटतो. दुसरा पाण्यात कमी विरघळतो आणि ज्योत न येता नुसता धुमसत जळतो. षटकोन तर सोडाच, अणू एकमेकांना कसे जोडलेले असतात हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तरी फॅरडेनं नुसतं विरघळणं आणि जळणं बघून ओळखलं, की एकाच भांड्यात दोन वेगळी आम्लं झाली आहेत. आपण आज अल्फा आणि बीटा म्हणतो ते हेच दोघे. तापमानाचा त्यांच्याशी काय संबंध आहे, हे त्या शतकात पुढे रंगांचे कारखाने सुरू झाले तेव्हा हळूहळू उलगडलं.

आता कोणी क्षार जाळून बघत नाही. आमच्या पवईला आयआयटीच्या आवारात एक मोठी प्रयोगशाळा आहे, महागडी विश्लेषण उपकरणं ठेवलेली. गावोगावचे संशोधक तिथे आपले नमुने पाठवतात. त्यातलं एनएमआर नावाचं यंत्र या कामाला फार उपयोगी. मोठ्या चुंबकात नमुना ठेवायचा आणि त्याला रेडिओलहरी द्यायच्या. रेणूतला प्रत्येक वेगळ्या जागेवरचा हायड्रोजन मग आपापला संकेत देतो. मजा अशी, की हायड्रोजनच्या लगतच्या कोपऱ्यावर दुसरा हायड्रोजन असेल तर त्याची संकेतरेषा दुभंगते. लगत कोणीच नसेल तर ती जवळजवळ एकटीच, सरळ उभी राहते.

आता पुन्हा आपलं चित्र बघा. सल्फोनिक गट बीटा कोपऱ्यावर बसवा. त्याच्या आणि जोडाच्या मध्ये जो अल्फा कोपरा आहे, तिथला हायड्रोजन एकटा पडतो. एका बाजूला सल्फोनिक गट, दुसऱ्या बाजूला जोड, आणि जोडावर हायड्रोजन नसतोच. म्हणून बीटाच्या आलेखात एक अखंड रेषा दिसते. गट अल्फावर बसवून बघा: असा एकटा हायड्रोजन तुम्हाला कुठेच सापडणार नाही. शोधा! सातही हायड्रोजनांना लगत कोणी ना कोणी आहे. आलेखात ती अखंड रेषा दिसते की नाही आणि किती उंच दिसते, यावरून मिश्रणात बीटा किती ते कळतं.

"पण मामा, हा बीटा लागतो कशाला?" भाचीचा प्रश्न रास्त होता.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून तुम्ही कधी गेला असाल तर गरगर फिरणारं पोट घेऊन चाललेले काँक्रीटचे ट्रक बघितले असतील. त्याच रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, पवईच्या तलावाजवळ उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. पाणी जास्त घातलं तर काँक्रीट छान वाहतं, सळयांच्या जाळीत कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं, पण कडक झाल्यावर कमजोर होतं. पाणी कमी घातलं तर मजबूत होतं, पण इतकं घट्ट राहतं की जाळीत शिरतच नाही, आणि आत पोकळ्या राहतात.

यावरचा एक उपाय 1960 च्या दशकात जपानमध्ये केनिची हात्तोरी यांनी शोधला. त्यांनी बीटाचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवल्या आणि त्या सिमेंटमध्ये मिसळल्या. साखळीतल्या प्रत्येक दुव्यावर सल्फोनिक गट असतो आणि पाण्यात त्याच्यावर ऋण विद्युतभार येतो. साखळ्या सिमेंटच्या कणांना चिकटतात, सगळ्या कणांवर सारखाच भार येतो आणि ते एकमेकांना दूर ढकलू लागतात. एरवी कणांच्या गठ्ठ्यांमध्ये अडकून पडलेलं पाणी मोकळं होतं. त्यामुळे पाचवा हिस्सा पाणी कमी घालूनही काँक्रीट वाहतं. अशा मिश्रणाला सुपरप्लास्टिसायझर म्हणतात. आता उंच इमारतींसाठी दुसऱ्या जातीची नवीन मिश्रणंही खूप वापरतात, पण नॅप्थलीनवालं अजून बनतं आणि विकलं जातं.

ते बनवतात कसं, हे ऐका, कारण आपली सगळी गोष्ट त्यात पुन्हा भेटते.

मोठ्या बंद भांड्यात 128 किलो नॅप्थलीन घेऊ. ते 80 अंशांना वितळतं. त्यात 98 किलो सल्फ्युरिक आम्ल सोडू. (कारखान्यात थोडं जास्त घेतात, पण आपण हिशोब सोपा ठेवू.) सगळं काम पूर्ण झालं असं धरलं तर 208 किलो सल्फोनिक आम्ल तयार होतं आणि 18 किलो पाणी. बेरीज करून बघा, दोन्हीकडे 226 येते. तापमान 160 अंशांवर नेऊन काही तास तसंच ठेवायचं. मध्ये घाई केली, किंवा भांडं 130 अंशांवरच अडकलं, तर परतीचा रस्ता पुरता उघडत नाही आणि अल्फा भरपूर उरतो. नॅप्थलीनची वाफही सांभाळावी लागते. नळीचा एखादा भाग थंड राहिला तर तिथे तिचे पांढरे स्फटिक जमून नळी तुंबते.

इतकं सगळं नीट केलं तरी त्या 208 किलोत सुमारे 37 किलो अल्फा असतोच. तो नको असतो. साखळी जोडायच्या पुढच्या पायरीत अल्फा नीट जोडला जात नाही, साखळ्या आखूड राहतात, आणि आखूड साखळ्या सिमेंटच्या कणांना नीट दूर ठेवू शकत नाहीत.

मग अजून गरम करावं का? तसं करून उपयोग नाही. 150 अंशांना तासन्तास ठेवून अल्फा मोजला तरी 18 च्या आसपास येतो आणि 160 लाही तितकाच. आकडा उतरायचा थांबला याचा अर्थ समतोल झाला: जितके अल्फा सुटतात तितकेच नव्यानं बनतात. आणखी तापवलं तर एकाच रेणूवर दोन-दोन गट बसू लागतात, काळपट घाण होते आणि माल बिघडतो.

इथे कारखान्यातले लोक अल्फाचाच स्वभाव अल्फाच्या विरुद्ध वापरतात. भांडं 120 अंशांच्या आसपास थंड करतात आणि त्यात पाणी सोडतात. आठवतं ना, गट बसताना पाणी बाहेर पडलं होतं? आता बाहेरून पाणी मिळालं की अभिक्रिया उलटी चालते: गट सुटतो, पाणी वापरलं जातं, नॅप्थलीन परत मिळतं. पण सुटतो कोण? दाटीत बसलेला अल्फा. 120 अंशांना बीटाचा गट फारसा हलत नाही. आणि सुटलेल्या नॅप्थलीनवर गट पुन्हा का बसत नाही? कारण पाणी मिसळल्यामुळे आम्ल पातळ झालेलं असतं, नवीन गट बसवण्याचा जोर त्याच्यात उरत नाही. आपल्या 37 किलो अल्फातून असं सुमारे 23 किलो नॅप्थलीन मोकळं होतं आणि ते वाफेबरोबर बाहेर काढता येतं. जो चटकन बसला होता तोच चटकन उठून गेला!

उरलेल्या बीटात मग फॉर्मालिन घालून साखळ्या जोडतात, कॉस्टिक सोडा घालून आम्ल मारतात, आणि तपकिरी रंगाचा पातळ माल पिंपांत भरतात. साखळ्या नीट झाल्या की नाहीत हे काँक्रीटच सांगतं. 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू ओल्या काँक्रीटनं भरतात, शंकू अलगद वर उचलतात, आणि ढीग किती खाली बसला ते पट्टीनं मोजतात. याला स्लम्प म्हणतात. माल चांगला असेल तर ढीग छान पसरतो. साखळ्या आखूड असतील तर तेवढंच मिश्रण घालूनही ढीग ताठ उभा राहतो.

उलट, काही कारखान्यांना अल्फाच हवा असतो. रंग बनवण्यासाठी लागणारे काही पदार्थ अल्फापासूनच होतात. तिथले लोक तापमान कमी ठेवतात, ढवळत राहतात आणि वेळेवर थांबतात. मुंबईत या विद्येची जुनी पेठ म्हणजे माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, 1933 साली सुरू झालेली. तिचे एकेकाळचे संचालक के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा मोठा ग्रंथ 1952 पासून जगभरच्या रंगरसायनाच्या प्रयोगशाळांमध्ये वापरात होता.

आता तुम्हाला एक कोडं. समजा कोणी तुम्हाला अगदी शुद्ध बीटा दिला, त्यात अल्फाचा एकही रेणू नाही. तो सल्फ्युरिक आम्लाबरोबर 160 अंशांना तासन्तास तापवला, तर काय मिळेल?

भाची म्हणाली, "बीटाच. तो तर टिकाऊ आहे ना."

टिकाऊ आहे, पण हटवादी नाही. 160 अंशांना खिडकीतलेही कधीतरी उठतात, आणि उठलेल्यांना चौथी सीटच आधी मिळते. हळूहळू अल्फा दिसू लागतो, 5, 10, 15, आणि 18 च्या आसपास येऊन थांबतो. शुद्ध अल्फापासून सुरुवात केली तर तो उतरत उतरत त्याच आकड्यावर येतो. दोन्ही टोकांकडून निघून एकाच जागी पोचणं हीच समतोलाची खूण आहे. हाच प्रयोग 80 अंशांना केला तर काय होईल, ते मी सांगत नाही. ते तुम्हाला आता सांगता येईल.